'रिस्पेक्ट'मध्ये मागे गाणाऱ्या बायका नेमकं काय करतात? (गॉस्पेल, कॉयर आणि सोल)

शिरीष_ठाणे
ऑटिस रेडिंगचं मूळ 'रिस्पेक्ट' (१९६५) आणि अरीथा फ्रँकलिनचं १९६७चं, दोन्ही पाठोपाठ ऐकून बघा. शब्द बरेचसे तेच, पण गाणं पार वेगळं. आधी पुरुष मान मागत होता, आता बाई मागतेय, हा फरक सगळे सांगतात. मला तो पुरेसा वाटत नाही. खरी गंमत मागे गाणाऱ्या बायकांनी केलीय असं माझं मत आहे. ऑटिसच्या गाण्यात मागून थोडंसं हे-हे येतं, बाकी गाणं ब्रासवाले ओढतात. अरीथाच्या गाण्यात मागच्या बायका गप्प बसायलाच तयार नाहीत.

याबद्दल वाचायला गेलं की 'हे चर्चमधून आलं' एवढं एक वाक्य मिळतं आणि विषय संपतो. चर्चमधून म्हणजे नक्की काय आलं? एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं हे तर जगभर आहे. जाणकारांनी जरा उलगडून सांगा.

घासूअण्णा
आमच्याकडे मी एक वाक्य बोललो की आई, बायको आणि मुलगी तिघी तीन पट्ट्यांत उत्तर देतात. मान मात्र अजून मिळालेला नाही.

उत्तररात्र
शिरीष, कान बरोबर ठिकाणी लागलाय. मागे गाणाऱ्या त्या अरीथाच्या सख्ख्या बहिणी, कॅरोलिन आणि अर्मा. १४ फेब्रुवारी १९६७ला न्यूयॉर्कमध्ये अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत गाणं झालं. पियानोवर अरीथा स्वतः.

आता 'जस्ट अ लिटल बिट' ही ओळ घ्या. अरीथा म्हणते, घरी आलास की थोडा मान दे. तिचं वाक्य अजून हवेत आहे तोवर बहिणी 'थोडासाच' म्हणून मोकळ्या होतात. त्यांचं संपायच्या आत अरीथा पुढचं 'हे बेबी' टाकते, त्यावर पुन्हा त्या. एकीचं शेपूट दुसरीच्या तोंडात. तिचं बोलणं त्या परत म्हणत नाहीत, त्यात भर घालतात, आणि बाईच्या बाजूने साक्षही देतात. एकटीची तक्रार तिघींची होते. स्पेलिंग म्हणायची ती प्रसिद्ध जागा ऑटिसकडे नाहीच. तिथे वाद्यं थांबतात, अक्षरं सुटी सुटी पडतात, आणि पाठोपाठ बहिणींचा 'सॉक इट टू मी'चा मारा सुरू होतो.

ही सवय त्यांना लागली वडिलांच्या चर्चमध्ये. सी. एल. फ्रँकलिन हे डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री, आणि त्यांच्या प्रवचनांच्या रेकॉर्डी निघायच्या. त्यातली एखादी शेवटपर्यंत ऐका. सुरुवातीला माणूस साधं बोलत असतो. मग वाक्यं तोकडी होतात, एका सुरावर यायला लागतात, आणि शेवटी ते गाणंच होतं. प्रत्येक वाक्यानंतर लोक ओरडून उत्तर देतात. लोकांनी उत्तर दिलं नाही तर पाद्री पुढचं वाक्य टाकणार कशावर? म्हणजे जबाब हा सजावटीचा भाग नाही, बोलणाऱ्याला पुढे ढकलणारा जोर तोच आहे. मुली त्यात वाढल्या.

झीलकरी
नाव बघून कळलंच असेल मी काय म्हणणार. शाहिराने चौक म्हणायचा आणि मागच्यांनी 'जी जी रं जी' धरायचं. आमचे झीलकरी पण शाहिराचं शेवटचं अक्षर संपायच्या आत उचलतात, नाहीतर पोवाडा बसतो. त्यात डेट्रॉइटचं काय विशेष?

सूर्यकांत_४२
सोपं आहे हो. सवाल-जवाब आफ्रिकेतून आला, हार्मनी युरोपातून आली, गुलामीत दोघांचं मिश्रण झालं, त्याला गॉस्पेल म्हणतात. रे चार्ल्सने देवाच्या जागी बाई घातली, त्याला सोल म्हणतात. धागा संपला.

घासूअण्णा
सूर्यकांतराव, निदान पन्नास प्रतिसाद तरी होऊ द्या.

उत्तररात्र
झीलकरी, उचलण्याची जागा हेरणं दोन्हीकडे सारखंच, मान्य. पण झील एका सुरात असते. गॉस्पेलमध्ये जबाब देणाऱ्यांचे सूर वेगवेगळे असतात आणि मुख्य फरक तिथून सुरू होतो. कॉयरमध्ये प्रत्यक्ष गायलेलं कोणी इथे असेल तर त्यांनीच सांगितलेलं बरं.

सूर्यकांत, तुमची वाटणी कागदावर छान दिसते, पण सवाल-जवाबाचा एक जाडजूड धागा ब्रिटनमधूनही आलाय. सतराव्या शतकात तिथल्या चर्चमध्ये पुस्तकं कमी आणि वाचता येणारे त्याहून कमी, म्हणून एक जण स्तोत्राची ओळ म्हणायचा आणि बाकीचे ती ओढून ओढून गायचे. तीच पद्धत अमेरिकेत गेली. काळ्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्र्याच्या हाताखालचा चर्चचा माणूस, ओळ भरभर म्हणून टाकतो आणि मंडळी ती इतकी संथ घोळवतात की शब्द विरघळून जातात. अशा गाण्यांना तिथे अजूनही 'डॉक्टर वॉट्स' म्हणतात, आयझॅक वॉट्स या इंग्रज स्तोत्रकाराच्या नावावरून. मंडळी सूर घोळवतात ते प्रत्येक जण आपापल्या वाटेने, तरी एकत्र. त्यात आफ्रिका किती आणि स्कॉटलंड किती यावर विद्वानांची भांडणं चालूच आहेत.

सूर्यकांत_४२
स्कॉटलंडच्या चर्चमधून अरीथा निघाली असं म्हणायचंय का? ताल कुठून आला मग? मी माझ्या मतावर ठाम आहे.

मृण्मयी_डी
मी गायलेय! अमेरिकेत शिकत असताना विद्यापीठाच्या गॉस्पेल कॉयरमध्ये होते. मी देवळात वाढलेली मुलगी, पण तिथे कोणी काही विचारलं नाही. 'आल्टो की सोप्रानो', म्हणजे बायकांतला खालचा आवाज की वरचा, एवढंच विचारलं.

पहिला धक्का म्हणजे कागद नाही. दिग्दर्शिका पियानोवर बसायची, सोप्रानोंना त्यांची ओळ गाऊन दाखवायची, त्यांनी दोन-तीनदा म्हटली की त्यांना गप्प करून आल्टोंची ओळ, मग टेनरची, म्हणजे पुरुषांची. मग तिन्ही एकत्र. गाणं चालू असताना पुढच्या ओळीचे शब्द ती आधीच्या ओळीच्या शेपटावर ओरडून टाकायची. उत्तररात्र यांनी वर डीकनबद्दल लिहिलंय ते वाचताना तीच डोळ्यांपुढे आली.

आवाज तीनच. बहुतेक वेळा चाल सोप्रानोंकडे, तिच्या लगेच खाली आल्टो, त्याच्या लगेच खाली टेनर. तिघांचे सूर एका सप्तकात दाटीने बसतात आणि चाल वर गेली की तिघेही वर जातात. त्यामुळे पन्नास माणसं एक जाड आवाज काढताहेत असं वाटतं. आवाज छातीतून, मोकळा. हलकं, मऊ गायलं की हाताने खूण यायची, 'झोपलात का?'

गाण्याच्या शेवटी येतो व्हॅम्प. कडवी संपलेली असतात. कॉयर चार-आठ मात्रांचा एकच तुकडा धरून बसतो, आणि मुख्य गायिका त्यावर मनात येईल ते गाते. दिग्दर्शिका आमच्याशी फक्त हातांनी बोलते. आधी नुसत्या सोप्रानो, मग आल्टो जोडा, मग टेनर. मग ती हात वर फिरवते. त्याचा अर्थ, एक पायरी चढा. सोप्रानो आपला सूर सोडून त्याच कॉर्डमधल्या वरच्या सुरावर जातात, आल्टो सोप्रानोंच्या जागी, टेनर आल्टोंच्या जागी. कॉर्ड तीच, शब्द तेच, पण सगळ्यांचे गळे ताणलेले. लोक उभे राहतात. पुन्हा खूण, पुन्हा वर. कधी वाद्यं थांबवून नुसत्या टाळ्या. कधी पट्टीच अर्ध्या सुराने वर.

बिघडतं ते कायम तिथेच. एक पायरी चढलं की आल्टोंना जो सूर घ्यायचा असतो तो आत्तापर्यंत सोप्रानो गात असतात, म्हणजे कानात घोळतोय, सोपा. दुसऱ्यांदा चढताना मात्र अर्ध्या आल्टो सोप्रानोंच्या मागे नव्या सुरावर पळतात आणि मधला सूर रिकामा पडतो. बाहेर ऐकणाऱ्याला कॉयर एकदम पातळ झाल्यासारखा वाटतो, नेमकं का ते कळत नाही. सरावाचं रेकॉर्डिंग ऐकलं की आम्हाला ती जागा लगेच सापडायची. दुसरा रोग म्हणजे लय पळवणं. उत्साहात सगळेच पुढे जातात आणि मग ड्रमवाला चिडतो.

पक्या_पुणेकर
मृण्मयी, प्रतिसाद जबरदस्त. साठवून ठेवला.

रॉकी_मडगाव
तीनच आवाज? मग बेस, पुरुषांचा सगळ्यात खालचा आवाज, कुठे गेला? आमच्या गावच्या चर्चमध्ये मी बेस गातो. आमच्याकडे चार आवाज. आजोबांच्या वेळेला तर चर्चच्या शाळेतच मुलांना सोल्फा, म्हणजे डो-रे-मीवरून सूर वाचायला, शिकवायचे, त्यामुळे कागद समोर ठेवला की गाणं उभं. बेसशिवाय हार्मनी म्हणजे पावाशिवाय सोरपोतेल. आणि असे हात फिरवून वर चढायला सांगितलं तर आमचे मास्तर घरी पाठवतील.

मृण्मयी_डी
रॉकी, आमच्याकडे जाड आवाजाचे मुलगे टेनरच गायचे, न झेपलं तर सप्तक खाली घेऊन. खालची जागा हॅमंड ऑर्गनवाल्याच्या पायांकडे आणि बेस गिटारकडे असते. कॉयरने तिथे लुडबुड केली की आवाज गढूळ होतो. तुमचे चार आवाज चार स्वतंत्र वाटांनी चालतात, ते सौंदर्य वेगळं. इथे तिघांनी एकमेकांना धरून एकाच दिशेने जायचं असतं.

आरती_के
मला पण एखाद्या कॉयरमध्ये गायचंय पण माझा आवाज घोगरा आहे. पुण्यात कुठे शिकवतात का? शुल्क किती?

घासूअण्णा
आरतीताई, घोगऱ्या आवाजाला सोलमध्ये जास्त मागणी असते म्हणे. तुम्ही थेट मुख्य गायिका व्हा, आम्ही मागे 'थोडासाच' म्हणायला येतो.

उत्तररात्र
मृण्मयी, शिरीषच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्या प्रतिसादात आहे. उरलेलं मी जोडतो.

तीन आवाज, दाटीने बसलेले, खालची बाजू वाद्यांकडे. अशी रचना असेल तर पन्नास माणसं काढून तीन ठेवली तरी कॉर्ड पूर्ण राहते. रॉकीच्या कॉयरचं असं होणार नाही, एक वाट तुटेल. म्हणून चर्चचा कॉयर तीन मुलींच्या रूपात स्टुडिओत आणि नाइटक्लबात जाऊ शकला. रे चार्ल्सच्या रेलेट्स घ्या, किंवा सिसी ह्यूस्टनच्या स्वीट इन्स्पिरेशन्स, ज्या पुढे अरीथाच्या मागे गायल्या.

सूर्यकांत म्हणतात तसं रे चार्ल्सने शब्द बदलले हे खरंच आहे. 'आय गॉट अ वुमन' हे गाणं १९५४मध्ये सदर्न टोन्स नावाच्या गटाच्या एका गॉस्पेल गाण्यावरून झालं. पण नुसते शब्द बदलून भागलं नसतं. १९५९चं 'व्हॉट्ड आय से' बघा. त्याची गोष्ट त्याने स्वतः सांगितलीय. नाचाच्या कार्यक्रमात ठरलेली गाणी संपली आणि वेळ उरला. त्याने रेलेट्सना सांगितलं, मी काय करतो ते परत म्हणा, आणि पियानोवर एक तुकडा धरला. म्हणजे त्याने काय केलं? कडवी नसलेलं, नुसता व्हॅम्प असलेलं गाणं केलं. शेवटी शेवटी तर शब्दही संपतात, नुसते हुंकार, एक त्याचा, एक त्यांचा. चर्चमध्ये तेच हुंकार देवासाठी असतात. रेडिओवाल्यांना ते कशासाठी आहेत ते बरोबर कळलं आणि काही स्टेशनांनी गाणं वाजवायचं नाकारलं.

आणि इथे अडचण आली रेकॉर्डची. गाणं सहा मिनिटांच्या वर, लहान तबकडीच्या एका बाजूला मावेना. टॉम डाउड या इंजिनियरने ते कापून दोन बाजूंना घातलं. चर्चमध्ये व्हॅम्प लोकांचं समाधान होईपर्यंत चालतो. रेकॉर्डीत अडीच-तीन मिनिटं. मग सोलवाल्यांनी काय केलं? व्हॅम्प सुरू करायचा आणि आवाज हळूहळू बंद करत न्यायचा. 'रिस्पेक्ट'चा शेवट परत ऐका. बहिणी 'री-री-री-री' धरून बसल्यात, अरीथा वरून काहीबाही टाकतेय, आणि तेवढ्यात गाणं विझत जातं. स्टुडिओत ते नक्की आणखी चाललं असणार. आपण दारातून बाहेर ढकलले जातो एवढंच.

शिरीष_ठाणे
अरे वा! कितीतरी जुनी गाणी शेवटी विझत जातात आणि मला तो आळस वाटायचा.

पक्या_पुणेकर
सगळं कॉयर कॉयर चाललंय, पण पुरुष गायकांचं काय? सॅम कुक कॉयरमधून आला नाही. तो सोल स्टिरर्समधून आला, म्हणजे क्वार्टेट. ती पूर्ण वेगळी घराणी आहेत. कॉयरमध्ये जाडी असते, क्वार्टेटमध्ये प्रत्येक आवाज सुटा ऐकू येतो, आणि सुरुवातीला तर वाद्यंही नसायची. टेम्प्टेशन्स ऐका, पाचही जण वेगळे ओळखू येतात, खाली बेससकट. रॉकी, तुमचा बेस तिथे गेलाय.

सोल स्टिरर्सने एक युक्ती रुळवली, दोन मुख्य गायकांची. आर. एच. हॅरिसच्या काळापासून. एक गाऊन दमला की दुसरा त्याच्या हातातून ओळ घेतो, आणि मागे चौघांची हार्मनी पूर्णच राहते. कुक विशीच्या आतबाहेर असताना त्यात आला. त्याचा आवाज गोड, आणि शेजारी पॉल फॉस्टरचा खरखरीत. कुक अलगद वर नेऊन ठेवायचा, फॉस्टर ओरडून लोकांना उठवायचा. आता १९६२चं 'ब्रिंग इट ऑन होम टू मी' ऐका. कुकबरोबर लू रॉल्स आहे, तोही गॉस्पेल क्वार्टेटमधला. कडव्याच्या शेवटी कुक 'येह' म्हणतो, रॉल्स 'येह', पुन्हा कुक, पुन्हा रॉल्स. एका शब्दावर अख्खी जागा उभी केलीय. तिथे तीन मुली घातल्या असत्या तर गाणं मेलं असतं.

घासूअण्णा
थांबा, क्वार्टेट म्हणजे चार. दोन मुख्य गायक आणि मागे चौघांची हार्मनी. हिशेब कुठेतरी चुकतोय.

पक्या_पुणेकर
पाच जण. एक गात असतो, उरलेले चार मागे. क्वार्टेटच म्हणायचं. पुण्यात रिक्षात चार बसले तरी तीन आसनीच म्हणतात ना.

उत्तररात्र
पक्याच्या मुद्द्याला माझा विरोध नाही, पण 'पूर्ण वेगळी घराणी' हे जास्त होतं. शिकागोचे थॉमस डॉर्सी आधी ब्लूजचे पियानोवाले होते. १९३२पासून त्यांनी पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये गॉस्पेल कॉयर चालवला. जेम्स क्लीव्हलंड लहानपणी त्याच कॉयरमध्ये गायचा. मोठा झाल्यावर तो डेट्रॉइटला फ्रँकलिन यांच्या चर्चमध्ये संगीत बघायला आला, आणि छोटी अरीथा त्याचं ऐकून पियानो शिकली. तिच्याच घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांत सॅम कुक होता, आणि त्याला भजनं सोडून पॉप गाताना बघूनच तिला तसं करावंसं वाटलं. पाट्या वेगळ्या, पण घर एक.

आणि कोणाला हे सगळं एका जागी बघायचं असेल तर अरीथाचं 'अमेझिंग ग्रेस' बघा. जानेवारी १९७२, लॉस एंजेलिसमधलं एक चर्च, दोन रात्री, समोर क्लीव्हलंड आणि सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी कॉयर. सिडनी पोलॅकने चित्रीकरण केलं, पण क्लॅपबोर्ड वापरला नाही, त्यामुळे चित्र आणि आवाज जुळेनात. सिनेमा लोकांपुढे आला २०१८मध्ये.

मृण्मयी_डी
त्यात अलेक्झांडर हॅमिल्टन या दिग्दर्शकाच्या हातांकडे बघा! मी अख्खा सिनेमा तेवढ्यासाठी परत पाहिला. 'मेरी डोन्ट यू वीप'मध्ये कॉयर मेरीला समजावत असतो आणि अरीथा मधेच लाझरसची गोष्ट सांगायला लागते. कबरीतून उठवताना ती त्याचं नाव पुन्हा पुन्हा पुकारते. पाद्र्याचं प्रवचन आणि गाणं यातली रेघ तिथे मला तरी सापडली नाही.

झीलकरी
पाहिला तो भाग. टाळ्या दोन आणि चारवर पडतात, आपल्याला एक आणि तीनची सवय, त्यामुळे हात अडखळले. बाकी तुमचे सूर वेगवेगळे असोत, पण लोक उठवायचं तंत्र शाहिराचंच आहे, हे मी सोडत नाही.

सूर्यकांत_४२
झीलकरींना +१. आफ्रिकेलाही +१.

रॉकी_मडगाव
काल सरावाला मास्तर यायच्या आधी आम्ही चढायचा प्रयोग केला. सोप्रानो दुसऱ्या चढाला किंचाळल्या आणि आल्टो गायब. मृण्मयीने लिहिलंय तस्सं. मास्तरांना खालपर्यंत ऐकू गेलं.

शिरीष_ठाणे
मूळ प्रश्नाकडे येतो. एक गोष्ट अजून बसत नाही. अरीथाचंच १९६८चं 'एन्ट नो वे', बहीण कॅरोलिनने लिहिलेलं. त्यात सिसी ह्यूस्टन खूप वर, शब्दांशिवाय गात राहते. ती अरीथाला उत्तर देत नाही, तिच्या वाक्यात भर घालत नाही. मग तो जबाब कसा?

उत्तररात्र
माझ्या मते तो व्हॅम्पमधला सुटलेला आवाज आहे. कॉयर तुकडा धरून असताना एखादी सोप्रानो रांग सोडून वर निघून जाते, तसा. फक्त इथे तो गाण्याच्या मधोमध आणून ठेवलाय.

पक्या_पुणेकर
मला नाही पटत. व्हॅम्पमधला आवाज लोकांना उठवायला असतो. ही बाई कोणालाच उठवत नाहीये. हे सरळ ऑपेराकडून आलंय. सिसीचं दुसरं एखादं रेकॉर्डिंग आहे का असं, की हे एकच?

मृण्मयी_डी
मी आत्ता हेडफोन लावून ऐकलं. ती श्वास घेते त्या जागा बघा, बहुतेक अरीथाच्या ओळी सुरू होतात तिथे आहेत. निदान कडव्यांत तरी. शेवटच्या भागात मला नीट लागलं नाही, कोणीतरी अजून ऐकून सांगा.